चार पॅनल, एक रांग की चार रांगा?

ऐरोलीच्या एखाद्या कॉलेजात कॅम्पस ड्राइव्ह आहे असं धरू. उमेदवार 48, टेक्निकल पॅनल चार, एचआर पॅनल दोन. टेक्निकलला गुण भरण्यासकट अर्धा तास, एचआरला पाव तास. सकाळी साडेनऊ ते एक, मग दोननंतर उरलेले. प्लेसमेंट सेलसमोर दोनच रस्ते असतात: प्रत्येकाला पॅनल आणि वेळ आधीच नेमून द्यायची, किंवा सगळ्यांची एकच रांग लावून जे पॅनल मोकळं होईल तिथे पुढचा उमेदवार पाठवायचा.

नेमलेल्या वेळा शीटवर छान दिसतात, मुलांनाही आवडतात. पण पहिल्या पॅनलचे साहेब खोलात शिरणारे निघाले आणि प्रत्येकाला 35 मिनिटं घेऊ लागले, तर त्यांचा सातवा उमेदवार साडेबाराऐवजी एकला आत जातो आणि 1:35 ला बाहेर येतो. जेवणाचे डबे गार. त्याच सकाळी तिसऱ्या पॅनलचा साडेदहाचा मुलगा आलाच नाही, तर तिथली मंडळी अर्धा तास चहा पीत बसतात.

एका रांगेत हाच अर्धा तास कामी येतो. सकाळच्या 28 पैकी 27 जण आले. पहिलं पॅनल सहा घेतं, बाकीची तिन्ही सात-सात, आणि एकच्या ठोक्याला सगळं आटोपतं. मुलांना नेमकी वेळ न देता तासाला आठ-आठच्या तुकडीने बोलवायचं, म्हणजे सकाळपासून कुणी ताटकळत नाही. मात्र दाराशी शीट सांभाळणारा माणूस एकच हवा. दोघे भरायला लागले की एकाच मुलीला दोन खोल्यांतून बोलावणं येतं.

एचआरची वेळ मात्र दोन्ही पद्धतींत घड्याळाने देऊ नये. टेक्निकल लांबलं की तीच आधी कोलमडते. टेक्निकल झालं की थेट एचआरच्या रांगेत, इतकंच. आणि चारही पॅनल एकदम साडेनऊला सुरू केलीत तर दहाला चौघे बाहेर पडतील आणि दोघे उगाच पाव तास बसून राहतील. म्हणून दोन पॅनल साडेनऊला, दोन पावणेदहाला. जेवण जरा पुढेमागे होईल, होऊ द्या.

माझं मत उघडच एका रांगेकडे आहे. पण पॅनल एकमेकांच्या जागी चालणारी हवीत. मेकॅनिकलचं पॅनल कॉम्प्युटरच्या मुलीला काय विचारणार? शाखेला एकच पॅनल असेल, मुलाखती ऑनलाइन असतील, किंवा पॅनलमधल्या कुणाला तीनला निघायचंच असेल, तर नेमलेल्या वेळाच ठेवा. फक्त दर तीन मुलाखतींनंतर पाव तास रिकामा सोडा. आणि ड्राइव्ह रविवारी असेल तर पहिली तुकडी ठरवण्याआधी ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बघून घ्या.