प्रोजेक्ट बफर किती वेगाने संपतो आहे? वाचनाच्या तीन पद्धतींची तुलना

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या क्रिटिकल चेन पद्धतीत प्रत्येक कामाच्या अंदाजात दडवलेली जादा मुदत काढून घेतली जाते आणि तिचा काही भाग एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीच्या शेवटी एकाच प्रोजेक्ट बफरमध्ये ठेवला जातो. रिलीजची तारीख टिकेल की नाही, हे मग या बफरवरूनच ठरवायचे असते. बफर किती संपला, याचे उत्तर सोपे असले तरी त्या उत्तरावरून हालचाल कधी करायची, याबाबत तीन पद्धती प्रचलित आहेत आणि एकाच दिवशी त्या परस्परविरोधी सल्ला देऊ शकतात.

एक नमुना घेऊ. पेमेंट मॉड्यूलच्या रिलीजची साखळी कामाच्या ६० दिवसांची आहे आणि बफर ३० दिवसांचा. वाचनाच्या दिवशी चालू कामाला किती टक्के झाले हे न विचारता ‘अजून किती दिवस लागतील’ एवढेच विचारायचे आणि साखळीतील पुढच्या कामांचे दिवस त्यात मिळवायचे. उलटलेले दिवस अधिक उरलेले दिवस वजा ६० म्हणजे संपलेला बफर. उरलेले दिवस ६० मधून वजा केले की साखळी किती पुढे गेली ते कळते.

| दिवस | उरलेले दिवस | साखळी पूर्ण | बफर संपला | तीन समान भाग | फीव्हर चार्ट | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|---|---|
| ५ | ५९ | २% | १३% | हिरवा | पिवळा | ८ |
| १५ | ५१ | १५% | २०% | हिरवा | पिवळा | १.३३ |
| ५० | २२ | ६३% | ४०% | पिवळा | हिरवा | ०.६३ |

पहिली पद्धत बफरचे तीन समान भाग करते: पहिला संपेपर्यंत स्वस्थ राहा, दुसऱ्यात उपाय आखा, तिसऱ्यात अमलात आणा. ती समजायला सोपी आहे, पण साखळी कुठवर आली याची ती दखलच घेत नाही. १५व्या दिवशी बफर कामापेक्षा वेगाने संपत असताना ती गप्प राहते आणि ५०व्या दिवशी, बरेचसे काम हातावेगळे झालेले असताना, काळजी करायला लावते. साखळी तीन-चार आठवड्यांचीच असेल, तर मात्र ती पुरेशी आहे.

गुणोत्तर म्हणजे बफरच्या टक्क्यांना साखळीच्या टक्क्यांनी भागणे. १.३३ चा अर्थ असा की हाच वेग राहिला तर ३० ऐवजी ४० दिवसांचा बफर लागेल. व्यवस्थापनाला सांगायला इतके थेट वाक्य दुसरे नाही. पण सुरुवातीला भाजक इतका लहान असतो की पाचव्या दिवशीचे ८ हे उत्तर निरर्थक ठरते. साखळीचा पाचवा हिस्सा पार होईपर्यंत हा आकडा अहवालात घालू नये, असे माझे मत आहे.

फीव्हर चार्टमध्ये आडव्या अक्षावर साखळीची प्रगती, उभ्या अक्षावर संपलेला बफर आणि रंगांच्या सीमा तिरप्या असतात. वरच्या तक्त्यात हिरव्याची सीमा १० टक्क्यांपासून ७० पर्यंत आणि लाल पट्ट्याची ३० पासून ९० पर्यंत चढती धरली आहे. हे आकडे संकेताचे आहेत, टीमने आपले ठरवावेत. दोन महिन्यांहून मोठ्या रिलीजसाठी मी हीच पद्धत निवडेन, आणि त्याचे कारण रंगांपेक्षा बिंदूंचा माग हे आहे. समजा, १५व्या दिवसानंतर आठवडाभर एपीआय जोडणीचे काम ‘अजून दोनच दिवस’ या उत्तरावर अडकले: २०व्या दिवशीही उरलेले दिवस ५१ च, म्हणजे बिंदू सरळ वर चढून ३७ टक्क्यांवर गेला. रंग अजून पिवळाच असतो, पण काम अडले आहे हे त्या उभ्या रेषेतून दिसते. त्याच दिवशी उरलेले दिवस ५३ निघाले असते, तर बिंदू वर चढता चढता डावीकडे सरकून लाल पट्ट्यात गेला असता. याचा अर्थ नवे काम उघडकीस आले किंवा कोणी व्याप्ती वाढवली. दोन्ही वेळी बफरच खर्च होतो, पण पहिल्या वेळी अडलेल्या डेव्हलपरला मदत द्यावी लागते आणि दुसऱ्या वेळी प्रॉडक्ट ओनरशी बोलावे लागते. हा फरक इतर दोन्ही पद्धतींत एकाच आकड्यात विरून जातो.

तरी तिरपी सीमा एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे अनिश्चितता साखळीभर सारखी पसरलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती बहुधा शेवटी साचते. ५०व्या दिवशी उरलेल्या २२ दिवसांत रिग्रेशन टेस्टिंग आणि सुरक्षा तपासणी असतील, तर हिरव्या रंगावर विसंबू नये. अशा साखळीत टेस्टिंग सुरू होईपर्यंत हिरव्याची सीमा ३० टक्क्यांवर आडवी रोखून धरावी आणि त्यानंतरच चढू द्यावी. मग तोच ४० टक्क्यांचा बिंदू पिवळ्यात पडतो आणि योगायोगाने तीन समान भागांच्या पद्धतीचा इशारा या एका ठिकाणी बरोबर ठरतो.