तांबी की हार्मोनची टी? आधी पाळीचा हिशेब मांडा

पहिलं मूल दोन-तीन वर्षांचं झालंय, दुसऱ्याचं नंतर बघू, रोजची गोळी लक्षात राहत नाही. अशा वेळी दवाखान्यात दोन पर्याय पुढे येतात: साधी तांबी, म्हणजे कॉपर-टी, आणि हार्मोनची टी. दोन्ही गर्भाशयातच बसतात, काढता येतात, आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. खरा फरक पडतो तो पाळीत.

तांबीच्या प्लास्टिकच्या टीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. तांबीच्या ३८०-ए या प्रकाराच्या नावातला आकडा म्हणजे तांब्याचा ३८० चौरस मिलिमीटर पृष्ठभाग. त्यातून सुटणाऱ्या तांब्याने शुक्रजंतू लुळे पडतात आणि बीजापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे ‘तांबी दर महिन्याला गर्भ पाडते’ हा समज चुकीचा आहे. बीज नेहमीसारखंच तयार होतं, पाळीचं चक्र चालू राहतं. मात्र याच तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला सौम्य सूज येते आणि रक्तस्राव वाढतो.

हार्मोनच्या टीमधून लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन थोडंथोडं सुटतं. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, अस्तर पातळ राहतं, त्यामुळे पाळी कमी होत जाते. पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात, आणि तो वैताग बायकांना आधी कुणी सांगत नाही. वर्षभराने साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते. त्यात धोका नाही, पण दर महिन्याला ‘दिवस गेले की काय’ अशी धाकधूक वाटणार असेल, तर हेही तोलून बघा.

बसवताना दोन्हींत फारसा फरक नाही. डॉक्टर आधी हाताने तपासून गर्भाशय पुढे झुकलंय की मागे ते बघतात. मग योनी उघडी धरायला स्पेक्युलम, जंतुनाशकाने सफाई, आणि गर्भाशयाचं तोंड स्थिर राहावं म्हणून चिमट्याची पकड. पहिली कळ इथे येते. दुसरी, सहसा जास्त जोराची, सळईने गर्भाशयाची लांबी मोजताना आणि टी आत सोडताना. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. काहींना घाम सुटून भोवळ येते, म्हणून लगेच उठू नका, थोडा वेळ पडून राहा. शेवटी टीला बांधलेला दोरा तीनेक सेंटिमीटर ठेवून कापतात. फार आखूड कापला तर नवऱ्याला टोचतो, ही तक्रार खरी असते.

आता रक्ताचा हिशेब. एका पाळीत साधारण ३५ मिली रक्त जातं. तांबीनंतर पहिल्या काही महिन्यांत ते निम्म्याने वाढू शकतं, म्हणजे पन्नासच्या आसपास. समजा तुमची पाळी चार दिवसांची, हिमोग्लोबिन १२. जादा १५-२० मिलीबरोबर महिन्याला सहा ते आठ मिलिग्रॅम लोह जातं. जेवण नीट असेल तर एवढं भरून निघतं. पण पाळी आधीच सात दिवसांची, गाठी पडतात, ८० मिलीच्या वर जातंय आणि हिमोग्लोबिन साडेनऊ, असं असेल तर तीच निम्मी वाढ ४० मिली होते, आणि तीही आधीच रिकाम्या साठ्यातून. अशा बाईला तांबीची बंदी नाही, पण मी हार्मोनची टीच सुचवेन. ती परवडत नसेल तर आधी लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आणावं. पाळीशिवाय मध्येच अंगावर जात असेल, तर कारण कळेपर्यंत दोन्ही नकोत.

तांबीनंतर अंगावर जास्त जाऊ लागलं की पहिल्याच महिन्यात ‘काढून टाका’ म्हणत जाणाऱ्या बऱ्याच असतात. तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणींचं कमी होतं. तोवर पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर घेतलं तर वेदना आणि रक्त दोन्ही कमी होतात. ॲसिडिटीचा किंवा किडनीचा त्रास असेल तर तसं आधी सांगा.

जास्त अंगावर जाणं आणि बिघाड यांत फरक असतो. ताप, ओटीपोटात सतत दुखणं, घाण वासाचा स्राव, दोरा अचानक लांब लागणं किंवा न लागणं, पाळी चुकणं: यातलं काहीही झालं तरी वाट न बघता दाखवा. टी सरकलेली किंवा निघून गेलेली असू शकते, आणि हे बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होतं. म्हणून पहिल्या पाळीनंतर एकदा तपासून घ्याच.

पैशांत फरक मोठा आहे. सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसते, आणि ३८०-ए दहा वर्षं चालते. हार्मोनच्या टीला खाजगीत काही हजार लागतात, मुदतही कमी. पाळी मुळातच हलकी असेल, तर ते पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.