तीन टाइप-सी केबल, सात महिने: लांब केबल घेताना माझं काय चुकलं

मार्चच्या सुरुवातीला मी घरासाठी एकदम तीन टाइप-सी ते टाइप-सी केबल घेतल्या. पहिली 1 मीटरची, साध्या रबरी आवरणाची, 60 वॅटची, 249 रुपयांना. दुसरी 2 मीटरची, नायलॉनच्या विणीची, 100 वॅटची, 649 रुपयांना. तिसरी 3 मीटरची, सीताबर्डीच्या बाजारातून, पाकिटावर 60 वॅट छापलेली, 180 रुपयांना. आता ऑक्टोबर आहे. नागपूरचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिघींनी आमच्या घरात काढला.

3 मीटरची मी मुद्दाम बाबांसाठी घेतली होती. त्यांचा पलंग खिडकीशी, कूलरच्या झोतात, आणि प्लग समोरच्या भिंतीला. त्यांना आडवं पडून भजनं ऐकायची असतात, तेही मोबाइल चार्जिंगला लावून. केबल पलंगापर्यंत आरामात पोचली, मी खूश झाले. पण आठवडाभरातच बाबा म्हणाले, “दुपारी दोन तास लावला तरी पन्नासच्या वर जात नाही गं. मोबाइलच गेला का?”

मला आधी बॅटरीचीच शंका आली, कारण मोबाइल चार वर्षांचा आहे. मग वाटलं, उन्हामुळे असेल. ते अर्धं खरंही होतं. उन्हाळ्यात दुपारी मोबाइल आधीच तापलेला असतो आणि बॅटरी जपायला तो स्वतःच चार्जिंग कमी करतो. त्या वेळी कोणतीही केबल लावा, फरक कळत नाही. माझे पहिले आठ-दहा दिवस याच गोंधळात गेले. म्हणून केबल पारखायची असेल तर रात्री पारखा, मोबाइल थंड असताना, चार्जर तोच ठेवून आणि साधारण 20 टक्क्यांपासून सुरुवात करून. बॅटरी ऐंशीच्या वर गेली की चार्जिंग तसंही मंदावतं, तिथले आकडे धरू नका.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याच्याकडे बोटाएवढा यूएसबी मीटर आहे, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. एका रात्री आम्ही तो केबल आणि बाबांच्या मोबाइलच्या मधे लावला. बाबांचा मोबाइल साध्या 5 व्होल्टवरच चार्ज होतो. चार्जरमधून निघताना व्होल्टेज 5.1 होतं. 1 मीटरच्या केबलने मोबाइलपाशी 4.7 व्होल्ट आणि 2 अँपिअर दाखवले. 2 मीटरच्या जाड केबलने 4.75 व्होल्ट आणि तेच 2 अँपिअर. 3 मीटरची लावली तर 4.4 व्होल्ट आणि फक्त 0.8 अँपिअर. म्हणजे पहिल्या दोघींतून साधारण साडेनऊ वॅट पोचत होते आणि तिसरीतून साडेतीन.

कारण भाच्याने कागदावर काढून दाखवलं. वीज जाते आणि परतही येते, त्यामुळे 3 मीटरच्या केबलमध्ये तिला 6 मीटर तांब्यातून जावं लागतं. ते तांबं केसासारखं बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज गळतं. मोबाइलला व्होल्टेज पडताना दिसलं की चार्जरवर ताण येतोय असं समजून तो स्वतःच कमी करंट ओढतो. म्हणून केबल गरम झाली नाही, कुठे काही बिघडल्याचं दिसलं नाही, नुसतं चार्जिंग रेंगाळलं. पाकिटावरचे 60 वॅट 20 व्होल्ट आणि 3 अँपिअर धरून लिहिलेले असतात. 5 व्होल्टच्या मोबाइलला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. अर्धा व्होल्ट गळाला तर 20 व्होल्टमध्ये तो जाणवतही नाही, 5 व्होल्टमध्ये मात्र तो दहावा हिस्सा असतो.

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते 2 मीटरच्या केबलचं. दुप्पट लांब असूनही ती 1 मीटरच्या बरोबरीने चालली, कारण आत तांबं जाड आहे. हातात धरली की वजन लगेच कळतं. नुसती लांबी बघून केबल वाईट ठरवू नका, लांबी आणि जाडी जोडीने बघा.

वॅटचा खरा उपयोग मुलाच्या लॅपटॉपला झाला. त्याचा चार्जर 65 वॅटचा आहे, म्हणजे 20 व्होल्टला 3.25 अँपिअर. टाइप-सी केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप असेल तरच चार्जर 3 अँपिअरच्या पुढे जातो. 60 वॅटच्या केबलमध्ये ही चिप असावीच असं नाही, 100 आणि 240 वॅटच्या केबलमध्ये ती असावीच लागते. 1 मीटरची लावली की लॅपटॉप चार्जर मंद असल्याचा इशारा दाखवायचा, 2 मीटरची लावली की इशारा जायचा. घरी मीटर नसेल तर केबलमध्ये ही चिप आहे की नाही हे बघायला ही खूण पुरते. एक मर्यादा मात्र सांगते. या केबलने लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर जात नाही आणि फोटो-व्हिडिओही सावकाश उतरतात. चार्जिंगच्या बऱ्याचशा केबलचं असंच असतं, वॅट जास्त म्हणून डेटा वेगवान होत नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर 3 मीटरची जुलैत गेली. पिनेला लागून जी मान असते तिथलं आवरण फाटून आतली तार दिसू लागली, आणि पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. 1 मीटरचीही ऑगस्टमध्ये असंच करू लागली होती, मी ती टाकूनच देणार होते. पण दोष केबलचा नव्हता. मोबाइलच्या भोकात कूलरच्या गवताचा चुरा आणि कापसासारखा मळ दाबून बसला होता, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नव्हती. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढला, आणि पिन पुन्हा टक्‌ असा आवाज करून बसली. त्याच मोबाइलला दुसरी केबलही सैल बसली तर आधी भोक बघा, सगळीकडे एकच केबल त्रास देत असेल तर ती केबल गेली.

2 मीटरची अजून ठणठणीत आहे, एका टोकाला विणीचे दोन-चार धागे सुटलेत इतकंच. तक्रार एकच, ती ताठ आहे. बाबांनी मोबाइल छातीवर ठेवला की केबलच्या वजनाने तो घसरतो आणि पिनेवर ताण येतो. म्हणून बाबांना ती दिली नाही, ती लॅपटॉपलाच ठेवली.

मग बाबांसाठी काय केलं? लांबी केबलमध्ये घ्यायचीच नाही असं ठरवलं. 3 मीटर वायरचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि चार्जरच पलंगाजवळ नेला. भिंतीतल्या 230 व्होल्टला एवढ्याशा चार्जरसाठी 0.1 अँपिअरसुद्धा पुष्कळ होतो, त्यामुळे तिथे वायर लांब झाली तरी गळती जवळजवळ नाहीच. बोर्ड कूलरच्या बाजूला नाही, पलंगाच्या डोक्याकडे भिंतीला स्क्रूने उंच बसवून घेतला, म्हणजे टाकी भरताना पाणी उडालं तरी तिथवर येणार नाही. त्याला 1 मीटरची 249 रुपयांची केबल लावली. आता बाबा दुपारी दोनला मोबाइल लावतात आणि चारच्या चहाला उठतात तेव्हा तो नव्वदच्या पुढे असतो.